वयाचं कुलूप आणि पालकांची सही

कामशेत, वडगाव, लोणावळा या पट्ट्यात मुलाचं गूगल खातं वयाच्या कारणावरून बंद झालं की पालकाची पहिली धाव मोबाइलच्या दुकानाकडे असते. तिथे दोनपैकी एक सल्ला मिळतो: जन्मवर्ष वाढवून नवं खातं काढा, नाहीतर वडिलांचं ओळखपत्र लावून जुनं सोडवा. दोन्हींनी काम होतं आणि दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. बरोबर वाट तिसरी आहे, पर्यवेक्षित खात्याची. पण तिच्यावर चालायला जी कागदपत्रं, जी साधनं आणि ज्या प्रकारचं घर गृहीत धरलेलं आहे, ते मावळातल्या बऱ्याच कुटुंबांकडे जसंच्या तसं नसतं. शिवाय भारतात याविषयीचा कायदा बदलतो आहे. त्यामुळे मुलाचं वय कोण ठरवणार, पालकाची संमती कशी सिद्ध होणार आणि पालकाच्या हाती नेमकं काय येणार, हा वाद आज कुठे उभा आहे ते पाहू. गूगलचं खातं मध्यभागी ठेवलं आहे, कारण आपल्याकडच्या मुलांचा पहिला फोन बहुधा अँड्रॉइडचा असतो आणि तो या खात्याशिवाय फारसा चालत नाही.

तेरा आणि अठरा

खातं स्वतः सांभाळण्यासाठी भारतात गूगलची किमान वयाची अट १३ वर्षांची आहे. इन्स्टाग्रामचीही तीच. हा आकडा मुलांच्या वाढीच्या अभ्यासातून आलेला नाही. अमेरिकेने १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा केला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची असेल, तर आधी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्या, असं त्याने कंपन्यांना बजावलं. संमती गोळा करण्याचा खटाटोप नको म्हणून बहुतेक कंपन्यांनी तेराखालच्यांना दारच बंद केलं आणि तो नियम जगभर गेला. युरोपने नंतर सोळाची रेषा आखली आणि देशांना ती तेरापर्यंत खाली आणायची मुभा दिली.

भारतात कायद्याचा आकडा वेगळा आहे. १८७५ च्या सज्ञानता कायद्यापासून आपल्याकडे सज्ञानता अठराला येते, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाला करार करता येत नाही. खातं उघडताना ‘मान्य आहे’ म्हणणं हाही करारच. म्हणून २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ‘मूल’ म्हणजे अठरा पूर्ण न झालेली व्यक्ती, अशी व्याख्या केली. त्याच्या नवव्या कलमाप्रमाणे मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळणीयोग्य संमती लागेल, मुलाच्या वर्तनावर पाळत ठेवता येणार नाही आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवता येणार नाहीत. ही बंधनं मोडली तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला, अंतिम नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीची तरतूद मात्र अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायची आहे.

म्हणजे तोवर दोन रेषा एकाच वेळी वावरत आहेत. कंपनी तेराला कुलूप काढते आणि कायदा अठरापर्यंत पालकाची सही मागणार आहे. मधल्या पाच वर्षांत, सातवी-आठवीपासून बारावीपर्यंत, मूल कंपनीच्या नियमाने मोकळं आणि कायद्याच्या नजरेत लहान असतं. पालकांचा बराचसा गोंधळ याच पट्ट्यातला आहे.

कुलूप लागतं तेव्हा

खातं बंद होण्याची कारणं अनेक असतात. पासवर्ड विसरणं, परक्या फोनवरून प्रवेश, नियमभंग. वयाचं कुलूप यांपासून सहज ओळखता येतं, कारण पडद्यावरच्या सूचनेत जन्मतारखेचा किंवा वयाचा स्पष्ट उल्लेख असतो आणि पुढे पर्याय दोनच दिलेले असतात: पालकाचं पर्यवेक्षण जोडा किंवा वय सिद्ध करा. सूचनेत पैसे मागितले असतील, किंवा ती एखाद्या अनोळखी क्रमांकावरून दुव्यासकट आली असेल, तर ती वयाची सूचना नव्हे. अशा वेळी दुव्यावर बोट न ठेवता `myaccount.google.com` हा पत्ता स्वतः टाइप करून आत जावं. तिथे काही अडकलेलं दिसलं नाही तर संदेश फसवा समजावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

कुलूप लागण्याचे दोन प्रसंग सर्रास दिसतात. पहिल्यात मूल खरोखर तेराच्या आत असतं. खातं आधी खोट्या तारखेने उघडलेलं असतं आणि कधीतरी एखाद्या खेळाने किंवा ॲपने विचारल्यावर मूल प्रामाणिकपणे खरी तारीख टाकतं. दुसऱ्यात मूल चौदा-पंधराचं असतं, पण खातं काढताना कुणीतरी घाईने चालू वर्षच टाकून दिलेलं असतं. तारखांच्या बाबतीत आपण तसेही सैल. शाळेत घालताना ‘१ जून’ लिहून मोकळ्या झालेल्या पिढ्या मावळात आजही निवृत्त होत आहेत. त्यांच्या नातवंडांच्या खात्यांवर ‘१ जानेवारी’ असते, एवढाच फरक. यंत्राला मात्र तारीख म्हणजे तारीख.

गूगलच्या नियमाप्रमाणे सूचना आल्यावर १४ दिवस मिळतात. तेवढ्यात पर्यवेक्षण जोडलं नाही आणि वयही सिद्ध केलं नाही, तर खातं निष्क्रिय होतं. पुढच्या ३० दिवसांनी त्यातली माहिती पुसली जाते. मेल, फोटो, ड्राइव्हमधल्या वह्यांची छायाचित्रं, सगळं. चौदा दिवस बरेच वाटतात. पण त्यातले पहिले आठ-दहा, बहुतेक घरांत, मूल रागावेल या भीतीने किंवा आई-बाबा रागावतील या भीतीने गप्प बसण्यातच जातात.

एक घर घेऊन पाहू

एक उदाहरण रचून घेऊ. ते कुणा एका घराचं नाही, पण त्यातली एकही गोष्ट दुर्मीळ नाही. कामशेतजवळच्या गावातलं कुटुंब. वडील लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतात, म्हणजे शनिवार-रविवार घरी नाहीत. आई चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. मुलगी बारा वर्षं सात महिन्यांची, सातवीत. २०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन गेली तेव्हा मोबाइलवाल्याने तिच्या नावाने जीमेल काढून दिलं आणि जन्मवर्ष टाकलं २०००. आता तिने स्वतःच खरी तारीख भरली आणि कुलूप लागलं.

पहिला विचार येतो तो थांबण्याचा. पाच महिन्यांत ती तेराची होईल, मग आपोआप सुटेल. हे जमत नाही. चौदा आणि तीस मिळून चव्वेचाळीस दिवस, म्हणजे दीड महिन्यात माहिती गेलेली असेल.

दुसरा विचार वडिलांचं ओळखपत्र लावण्याचा. वय सिद्ध करण्याच्या पर्यायात सरकारी ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड चालतं. कार्डावर किरकोळ रक्कम तात्पुरती अडकवून पाहिली जाते आणि सोडली जाते, खर्ची पडत नाही. खातं उघडेल यात शंका नाही. पण या पर्यायाचा अर्थ ‘मी पालक आहे, परवानगी देतो’ असा नसून ‘हे खातं वापरणारा माणूस सज्ञान आहे’ असा आहे. म्हणजे गूगलच्या लेखी ती मुलगी चाळिशीतला ड्रायव्हर झाली. वयानुसार लागणारे यूट्यूबचे निर्बंध, ॲपच्या मर्यादा, जाहिरातींवरचं बंधन, सगळं निघून गेलं. बापानेच सही करून काढलेलं हे कुंपण पुन्हा घालायचं तर खरी तारीख परत भरावी लागते आणि कुलूप परत लागतं. दुकानात जे सर्वांत जलद सुचवलं जातं, त्याची खरी किंमत ही.

तिसरा, आणि मला वाटतं सर्वांत महाग पडणारा मार्ग म्हणजे फोन ‘फॉरमॅट मारणं’. अँड्रॉइडमध्ये चोरीपासून बचावाची एक सोय असते. सेटिंगमधून न जाता बटणं दाबून फोन कोरा केला, तर तो सुरू होताना आधीचंच खातं मागतो. ते खातं तर वयामुळे बंद. आता खात्याबरोबर फोनही अडकला. पावती घेऊन सर्व्हिस सेंटरला जाण्यावाचून सरळ उपाय उरत नाही.

उरतो पर्यवेक्षणाचा मार्ग. त्यासाठी आईचं किंवा वडिलांचं स्वतःचं गूगल खातं हवं. मुलीच्या पडद्यावरच्या सूचनेतून पालकाची मदत मागणारा पर्याय निवडायचा, पालकाचा ईमेल द्यायचा, पालकाने आपल्या पासवर्डने आत येऊन कोणती माहिती गोळा होते ते वाचून संमती द्यायची. काही वेळा संमतीचा पुरावा म्हणून इथेही कार्ड किंवा ओळखपत्र मागितलं जातं, पण ते पालकाचं, पालक म्हणून. हा फरक बारीक दिसतो, पण सगळा प्रश्न त्यातच आहे. संमती दिल्यावर मुलीचं खातं आणि त्यातली माहिती शाबूत राहते आणि ते ‘फॅमिली लिंक’ या सोयीखाली येतं. हे सगळं `families.google.com` या पत्त्यावरूनही सुरू करता येतं.

मग आईला काय काय ठरवता येतं? नवं ॲप उतरवताना तिची परवानगी लागते. दिवसाची मर्यादा आणि रात्रीची वेळ लावता येते. यूट्यूबसाठी वयानुरूप तीन पायऱ्या आहेत. पहिली साधारण नऊ वर्षांपुढच्यांना साजेशी, दुसरी तेरापुढच्यांना आणि तिसरी जवळजवळ पूर्ण यूट्यूबची. फोन कुठे आहे तेही दिसतं. मुलीचे मेल किंवा संदेश मात्र आईला वाचता येत नाहीत. ‘फॅमिली लिंक म्हणजे मुलाच्या फोनमध्ये डोकावणं’ हा समज बऱ्याच पालकांना असतो, आणि त्याहून जास्त मुलांना. पवन मावळात किंवा आंदर मावळात जिथे रेंज येते-जाते तिथे उपयोगी पडेल अशी एक सोय आहे. पालकाच्या ॲपमध्ये एक प्रवेश-संकेतांक दिसतो. तो फोनवरून तोंडी सांगितला तरी मुलाच्या फोनचं कुलूप उघडतं, त्या फोनला इंटरनेट नसलं तरी.

अडचण आहे ती फोनच्या मालकीची. ही सगळी रचना ‘मुलाचा फोन वेगळा, पालकाचा वेगळा’ असं धरून केलेली आहे. आपल्या उदाहरणातल्या घरी दुसरा फोन वडिलांबरोबर खंडाळ्याच्या घाटात असतो आणि मुलगी वापरते तो फोन आईचाही आहे. त्यात आईचं खातं, आईचं यूपीआय. एकाच फोनवर दोन्ही खाती राहिली, तर मुलगी आईच्या खात्यावरून हवं ते उतरवते आणि मर्यादा कागदावर राहते. आईचं खातं काढून टाकलं, तर आईचा व्यवहार अडतो. अशा घरात मला त्यातल्या त्यात बरं वाटतं ते असं: मुलीचं खातं पर्यवेक्षणाखाली आणून वाचवायचं, पण आईच्या फोनवर ते कायमचं न जोडता शाळेच्या कामापुरतं ब्राउझरमधून उघडायचं. आणि आईच्या प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड लावायचा. पर्यवेक्षणाचा पूर्ण लाभ यात मिळत नाही. खातं वाचतं, खोटं बोलावं लागत नाही, एवढंच.

शाळेने दिलेलं खातं असेल तर यातलं काहीच लागू नाही. ते शाळेच्या प्रशासकाच्या ताब्यात असतं. पालकाने तिथे गूगलशी झगडण्यात वेळ घालवू नये, वर्गशिक्षकांना भेटावं.

कागद कोणता धरायचा

दुसऱ्या प्रसंगातलं मूल, म्हणजे खरोखर चौदा-पंधराचं पण चुकीच्या वर्षामुळे अडकलेलं, त्याच्यासाठी वय सिद्ध करणं हाच रास्त मार्ग. इथे मुलाचंच, जन्मतारीख स्पष्ट छापलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. व्यवहारात ते आधार असतं. पण आधारची गंमत अशी की ते ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे. आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. कंपनीला मात्र फोटो आणि तारीख एकत्र हवी असते आणि शाळेच्या दाखल्यावर ती बहुधा समाधानी होत नाही. सरकारदरबारी जो कागद भारी, तो पडद्यावर हलका, असा हा उलटा हिशेब आहे.

मुळाशी जन्मदाखला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांत जन्मतारखेसाठी हाच दाखला धरला जाणार आहे. त्याआधीच्या मुलांच्या आधारमधली तारीख दुरुस्त करायची तरी हाच हाताशी लागतो. मावळात तो मिळवताना दोन ठिकाणी अडतं. नोंद जन्म झाला तिथे होते, राहता तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या रीतीमुळे मूल वाढतं कामशेतला आणि नोंद असते जुन्नरच्या किंवा खेडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत. लोणावळा नगर परिषदेत किंवा वडगावला चकरा मारून ती सापडत नाही. दुसरं म्हणजे पुष्कळ दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. नाव पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं. त्यांची मुदत संपत आली आहे.

ज्यांची जन्मनोंदच झालेली नाही, त्यांचा प्रश्न याहून कठीण. मावळातल्या कातकरी वस्त्यांवर अशी मुलं आहेत. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही आणि महाराष्ट्रात २०२५ पासून ही प्रक्रिया अधिक कडक झाली आहे. आश्रमशाळेतल्या अशा मुलाच्या हाती फोन येतो, कागद येत नाही.

कागद अपलोड करताना पालकांनी स्वतःकडून एक पथ्य पाळावं. वय सिद्ध करायला पूर्ण आधार क्रमांक लागत नाही. पहिले आठ अंक झाकलेलं, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच मिळणारं आधार आधी वापरून पाहावं. आणि दुकानातल्या संगणकावरून अपलोड केलं तर मागे राहिलेली प्रत पुसून घ्यावी.

संमती सिद्ध कशाने होते

पालकाची संमती पडताळायला अमेरिकेत सही केलेला फॉर्म, कार्डाचा व्यवहार, दूरध्वनी, व्हिडिओ कॉल, ओळखपत्र अशा अनेक पद्धती वर्षानुवर्षं मान्य आहेत. भारताच्या नव्या नियमांनी वेगळी वाट धरली. संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे आणि ती ओळखता येते, याची खातरजमा कंपनीने करायची. ती दोन प्रकारे होऊ शकते. पालकाच्या वयाची आणि ओळखीची विश्वासार्ह माहिती कंपनीकडे आधीच असेल तर ती वापरायची. नसेल तर पालकाने स्वतः दिलेली माहिती, किंवा डिजिलॉकरसारख्या अधिकृत सेवेकडून मिळालेला आभासी टोकन वापरायचा. टोकन म्हणजे कागदाची प्रत न देता ‘ही व्यक्ती सज्ञान आहे’ एवढाच निर्वाळा. ओळखपत्रांच्या प्रती जागोजागी सोडण्यापेक्षा हे निश्चित चांगलं, आणि क्रेडिट कार्ड नसलेल्या पण आधार-डिजिलॉकर असलेल्या मावळातल्या घरांना ते जास्त सोयीचंही ठरेल.

पण नियम नीट वाचले की एक फट दिसते. तपासायचं आहे ते संमती देणारा सज्ञान आहे का, हे. तो त्या मुलाचा पालक आहे का, हे तपासण्याची सक्ती नाही. शेजारचा एकोणीस वर्षांचा दादा ‘मी पालक’ म्हणाला आणि त्याची ओळख पटली, तर कागदोपत्री अट पुरी होते. नियम बनवणाऱ्यांच्या लक्षात हे आलं नसेल असं नाही. नातं तपासायचं म्हटलं की जन्मदाखले, शाळेच्या नोंदी, घटस्फोटाचे आदेश, सगळं खासगी कंपन्यांच्या हाती द्यावं लागतं. तो धोका मोठा मानायचा की दादाचा, हा खरा पेच आहे.

मतमतांतरं

एक बाजू म्हणते, पुरावा कडक हवा. खोटी तारीख टाकून कुणीही आत शिरत असेल तर वयाची अट असून नसल्यासारखी. या बाजूचं बळ वाढलं आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद करायला लावली आणि त्यानंतर गोव्याच्या सरकारनेही तशा निर्बंधाचा विचार बोलून दाखवला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र एप्रिल २०२५ मध्ये तेराखालच्यांना बंदी मागणारी याचिका ऐकण्यास नकार दिला. हा धोरणाचा विषय आहे, सरकारकडे जा, असं न्यायालयाने सांगितलं.

खासगीपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आक्षेप असा, की मुलं ओळखायची तर प्रत्येकालाच ओळखावं लागतं. बारा वर्षांच्या मुलीला अडवण्यासाठी बावन्न वर्षांच्या आजीलाही वय दाखवावं लागेल, आणि इतक्या ओळखपत्रांचा साठा फुटला तर काय, याला उत्तर नाही. चेहऱ्यावरून किंवा वापराच्या सवयींवरून वयाचा अंदाज बांधणाऱ्या पद्धती कागद मागत नाहीत, पण त्या सीमेवरच्या वयात चुकतात, आणि बारा-चौदा हे नेमकं सीमेवरचं वय.

तिसरं मत अठराच्या रेषेबद्दल आहे. सतरा वर्षांच्या मुलाला कॉलेजच्या प्रवेशासाठी, सीईटीच्या तयारीसाठी ईमेल लागतो. त्याला सात वर्षांच्या मुलाइतकंच लहान धरणं अव्यवहार्य, असं उद्योगांइतकंच बालहक्कांचं काम करणाऱ्यांनीही म्हटलं आहे. वय वाढेल तशी मुभा वाढावी, असं त्यांचं म्हणणं. कायद्याने याला थोडी वाट ठेवली आहे. एखादी सेवा मुलांची माहिती सुरक्षितपणे वापरते याची खात्री पटली, तर तिच्यासाठी वयाची मर्यादा खाली आणण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. नियमांच्या चौथ्या परिशिष्टात केवळ ईमेलपुरतं खातं उघडायला सूट दिली आहे आणि सुरक्षेसाठी मुलाचं ठिकाण पाहण्यालाही.

पालकांमध्येही दोन तट आहेत, आणि ते वर्गावर किंवा शिक्षणावर ठरत नाहीत. एकांना पर्यवेक्षण म्हणजे जबाबदारी वाटते, दुसऱ्यांना अविश्वास. दुसऱ्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. न सांगता लावलेली मर्यादा मुलाला दुसऱ्या, लपवलेल्या खात्याकडे ढकलते, आणि ते खातं मोठ्या माणसाच्या वयाने उघडलेलं असतं. पहिल्यांचं उत्तर असं, की सांगून लावा. माझा कल पहिल्यांकडे आहे, निदान तेरापर्यंत.

जे ठरलेलं नाही

तेरा पूर्ण झाल्यावर काय, हा प्रश्न अजून सरकतो आहे. गूगलने आतापर्यंत तेराव्या वाढदिवसाच्या सुमारास मुलाला थेट कळवून, खातं स्वतःच्या ताब्यात घ्यायची मुभा दिली होती. त्यावर टीका झाल्यानंतर २०२६ च्या सुरुवातीला कंपनीने पर्यवेक्षण काढायला पालकाची मंजुरी लागेल असं जाहीर केलं. आपल्या उदाहरणातल्या मुलीला पाच महिन्यांनी हाच प्रश्न येणार आहे आणि मे २०२७ नंतर त्यात भारतीय कायद्याची अठराची अट मिसळेल. आधी उघडलेल्या लाखो खात्यांवर पालकांची संमती नव्याने मागणार का आणि कशी, हे कंपन्यांकडून यायचं आहे.

संमती कुणाची, हेही घरोघर वेगळं आहे. कायदा ‘पालक किंवा कायदेशीर पालनकर्ता’ म्हणतो. आई की वडील, असा भेद तो करत नाही, हे बरं. पण दोघांचं पटलं नाही तर कुणाची सही धरायची, यावर नियम गप्प आहेत. आणि आई-वडील पिंपरी-चिंचवडला कामाला, मूल नाणे मावळात आजी-आजोबांकडे, अशा घरात रोजचा निर्णय आजी घेते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ती कायदेशीर पालनकर्ती ठरत नाही. मूल आणि फोन तिच्या हाती, सही मात्र चाळीस किलोमीटर दूर. व्यवहारात आजीच्याच ओळखीवर संमती दिली जाईल आणि वर सांगितलेल्या फटीमुळे ती चालूनही जाईल. नियमातली त्रुटीच इथे माणसांच्या उपयोगी पडते, हे विचित्र आहे, पण आहे असं.

हे चित्र स्थिर होईपर्यंत पालकांनी दोन कामं करून ठेवावीत. मुलाच्या फोनवरच्या खात्यात आज कोणती जन्मतारीख आहे ते मुलाला शेजारी बसवून `myaccount.google.com` वर पाहावं. ती चुकीची असेल तर दुरुस्त करण्याआधी पालकाचं स्वतःचं खातं आणि त्याचा पासवर्ड हाताशी ठेवावा, कारण मूल तेराखाली असेल तर दुरुस्तीच्या क्षणापासून चौदा दिवस मोजायला लागतात. आणि जन्मदाखला काढून त्यावर मुलाचं नाव आहे का ते बघावं. नसेल तर जिथे नोंद आहे त्या ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत अर्ज करावा, मूल पंधरा वर्षांचं होण्याआधी.